काही सेकंदांची सणक, लाल डोळा आणि क्लस्टर डोकेदुखीशी होणारी गल्लत

प्रश्न: माझ्या वडिलांना (वय ५८) चार महिन्यांपासून उजव्या डोळ्याच्या वर आणि कपाळात सुरी खुपसावी तशी सणक येते. ती अर्ध्या-एक मिनिटात थांबते, पण तेवढ्यात डोळा लालबुंद होतो आणि घळाघळा पाणी वाहते. दिवसातून पन्नास-साठ वेळा तरी असे होते. एका डॉक्टरांनी क्लस्टर डोकेदुखी सांगून व्हेरापामिल आणि ऑक्सिजन दिला, दुसरे म्हणतात ही चेहऱ्याच्या नसेची दुखी आहे. तज्ज्ञ यांतला फरक नेमका कसा ओळखतात?

उत्तर: तुम्ही दिलेले आकडे बरोबर असतील, तर ही क्लस्टर डोकेदुखी असण्याची शक्यता फारच कमी आहे, आणि त्याचे पहिले कारण घड्याळात आहे. उपचार न करता सोडून दिलेला क्लस्टरचा झटका साधारण १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत चालतो आणि असे झटके दिवसाला जास्तीत जास्त आठ येतात. अर्ध्या मिनिटात संपणारी आणि दिवसाला पन्नास वेळा येणारी सणक या चौकटीत बसत नाही. ती ज्या आजाराच्या चौकटीत बसते, त्याचे वर्णन नॉर्वेतील ओट्टार स्यास्ताद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रथम केले आणि १९८९ मध्ये ते सविस्तर मांडले. त्या आजाराच्या लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून आम्ही त्याला बोलताना ‘संक्ट’ म्हणतो. अल्पकाळ टिकणारी, एका बाजूची, नसेच्या दुखीसारखी आणि सोबत डोळा लाल होऊन पाणी येणारी डोकेदुखी, एवढाच त्या नावाचा आशय आहे. याचेच एक भावंड ‘सूना’ या नावाने ओळखले जाते. त्यात डोळ्याची लाली आणि पाणी ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसत नाहीत, त्यांपैकी एकच असते किंवा दोन्ही नसून नाक वाहणे, पापणी सुजणे अशी दुसरी एखादी खूण असते. वडिलांना दोन्ही लक्षणे असल्याने आपण संक्टबद्दलच बोलू.

गल्लत होते ती क्लस्टर आणि संक्ट या दोन्ही आजारांचा बाहेरून दिसणारा चेहरा एकच असल्यामुळे. कपाळ आणि डोळ्याभोवतीच्या भागातील वेदना मेंदूकडे नेणारी नस म्हणजे ट्रायजेमिनल नसेची पहिली शाखा. या शाखेतून जोरदार संदेश मेंदूच्या देठापाशी पोहोचला की तिथून एक प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते, आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या दुसऱ्या एका नसेबरोबर जाणारे तंतू त्याच बाजूच्या अश्रुग्रंथीला, डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना आणि नाकाच्या आतल्या अस्तराला चेतवतात. म्हणून डोळा लाल होतो, पाणी येते, नाक चोंदते किंवा वाहते, कधी पापणी सुजते वा थोडी झुकते. वेदना काही सेकंदांची असो वा दोन तासांची, ही यंत्रणा तीच असते. त्यामुळे लाल, पाणावलेला डोळा पाहून फक्त एवढेच सांगता येते की दुखणे या कुटुंबातले आहे, पण कुटुंबातला नेमका कोण हे त्यावरून कळत नाही. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत सगळा घोळ इथेच होतो, कारण पाठ्यपुस्तकात क्लस्टरचे चित्र लाल डोळ्याचे असते आणि बाकीच्या भावंडांची चित्रे सहसा नसतात.

म्हणून आमच्या तपासणीतला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो: एक झटका किती वेळ चालतो? ऐकायला हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे खरे उत्तर मिळवायला वेळ लागतो. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात संक्टच्या झटक्याची मर्यादा १ ते ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटांपर्यंत, दिली आहे. त्याच वर्गीकरणात झटका तीन रूपांत येऊ शकतो असेही नमूद केले आहे. पहिले रूप म्हणजे एकच सणक येऊन जाणे. दुसऱ्या रूपात सणकांची मालिका येते आणि दोन सणकांमध्ये वेदना पूर्णपणे उतरते. तिसऱ्या रूपात सणकांवर सणका येत राहतात आणि मधल्या वेळेत वेदना शून्यावर येतच नाही, करवतीच्या दात्यांप्रमाणे वरखाली होत राहते. हे तिसरे रूप क्लस्टरशी सर्वांत जास्त गोंधळ घालते, कारण ते लांबले की रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, ‘डॉक्टर, अर्धा तास दुखत होतं.’ ऐकणाऱ्याने अर्धा तास असे लिहून घेतले की निदान क्लस्टरकडे झुकते. खरे तर त्या अर्ध्या तासात तीस-चाळीस स्वतंत्र सणका होऊन गेलेल्या असतात.

हे कसे उलगडते ते एका रुग्णाच्या तपशिलाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत. कापडाचे दुकान चालवणारे एक गृहस्थ वयाच्या पन्नाशीत माझ्याकडे आले. त्यांच्या फाईलवर क्लस्टर असे लिहिलेले होते. सकाळी उठल्यानंतर ‘पाऊण तासाचा झटका’ आणि दिवसभर ‘लहान लहान झटके’ असे त्यांचे वर्णन होते. व्हेरापामिलचा डोस वाढवत दिवसाला ३६० मिलिग्रॅमपर्यंत नेलेला होता, त्यातून पाय सुजले होते आणि बद्धकोष्ठ झाले होते, वेदनेत मात्र काडीचा फरक नव्हता. घरी ऑक्सिजनचे सिलिंडर होते. त्याचा उपयोग होतो का असे विचारल्यावर त्यांनी ‘होतो, लगेच थांबतं’ असे सांगितले, आणि त्यांच्या पत्नीने शेजारून मान हलवली. मास्क लावेपर्यंत सणक थांबलेलीच असते, असे त्यांचे म्हणणे पडले.

पत्नीचे हे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. काही सेकंदांच्या दुखण्यात प्रत्येक औषध गुणकारी ठरते, कारण गोळी पाण्याबरोबर गिळून होईपर्यंत किंवा मास्क तोंडाला लागेपर्यंत वेदना स्वतःहून गेलेली असते. म्हणून या आजारात ‘औषध घेतल्यावर थांबले’ या वाक्याला निदानाच्या दृष्टीने काहीच किंमत नसते. त्याऐवजी ‘औषध सुरू केल्यापासून दिवसभरातील सणकांची संख्या कमी झाली का’ असे विचारावे लागते.

त्यांना मी सांगितले की पुढच्या वेळी सकाळचा झटका सुरू झाला की पत्नीने मोबाईलवर सलग चित्रण करावे आणि त्यांनी फक्त एक काम करावे: सणक चढली की उजव्या हाताची मूठ आवळावी, उतरली की सोडावी. चित्रण आल्यावर दोघांसमोर बसून मी ते थांबवत थांबवत पाहिले आणि प्रत्येक मूठ आवळल्याची आणि सुटल्याची वेळ कागदावर मांडली. मूठ कधी वीस सेकंद, कधी पन्नास सेकंद आवळलेली राहत होती, नंतर काही क्षण सैल होत होती आणि पुन्हा आवळली जात होती. काही ठिकाणी ती पूर्ण सुटतही नव्हती, नुसती अर्धवट ढिली पडत होती. ‘पाऊण तास’ म्हणून जे सांगितले गेले होते ते मुळात शेजारी शेजारी लागलेल्या सणकांची रांग होती आणि मधल्या काही भागात करवतीचे दाते दिसत होते. क्लस्टरचा झटका असता तर वेदना काही मिनिटांत चढून एका उंचीवर टिकली असती आणि मूठ एकदा आवळल्यावर बराच वेळ तशीच राहिली असती.

त्या चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली. चित्रण सुरू होण्याआधीच गृहस्थ आरशासमोर दाढी करायला बसले होते, आणि वस्तरा उजव्या भुवईजवळच्या कल्ल्यावर टेकताच पहिली सणक आली. थोडा वेळ थांबून त्यांनी पुन्हा वस्तरा लावला, पुन्हा सणक आली. तिसऱ्यांदाही तेच घडले. इथून आमचा दुसरा प्रश्न सुरू होतो, तो म्हणजे झटका कशाने सुटतो आणि लागोपाठ पुन्हा सुटतो का.

संक्टमध्ये स्पर्शाने झटका सुटणे फार सामान्य आहे. तोंड धुणे, केस विंचरणे, दात घासणे, चावणे, बोलणे, कपाळावर वारा लागणे अशी साधी कारणे रुग्ण सांगतात. क्लस्टरमध्ये असे सहसा घडत नाही. तिथली कारणे वेगळी असतात, आणि त्यातले सर्वांत ओळखीचे म्हणजे मद्य. क्लस्टरचे दिवस सुरू असताना दारूचा एखादा पेला घेतला की साधारण तासाभरात झटका येतो, आणि दिवस सरल्यावर तीच दारू काही करत नाही. शिवाय क्लस्टरला घड्याळाचे आणि ऋतूचे विचित्र वेड असते. झोप लागल्यावर तास-दीड तासाने, बहुतेक रोज त्याच वेळी, रुग्ण वेदनेने जागा होतो, आणि हे काही आठवडे ते महिने चालून पुढे कित्येक महिने पूर्ण शांतता असते. संक्टच्या सणका मुख्यतः जागेपणी येतात आणि रात्रीच्या झोपेत त्या तुलनेने क्वचित येतात. तुमच्या वडिलांना रात्री झोपेतून उठवणारे झटके नाहीत आणि सकाळी तोंड धुताना त्रास हमखास होतो, असे असेल तर त्याचे वजन संक्टच्या पारड्यात जाईल.

‘लागोपाठ पुन्हा सुटतो का’ हा प्रश्न मात्र क्लस्टरसाठी नसून तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी घेतलेल्या नावासाठी, म्हणजे ट्रायजेमिनल न्युराल्जियासाठी, असतो. त्या आजारात विजेचा झटका बसावा तशी तिडीक क्षणभरापासून दोन मिनिटांपर्यंत येते आणि तीही स्पर्शाने सुटते, त्यामुळे संक्टशी तिचे साम्य क्लस्टरपेक्षाही अधिक आहे. तरीही दोन ठिकाणी फरक पडतो. न्युराल्जियाची तिडीक बहुतेक वेळा गालात, हिरडीत किंवा हनुवटीत, म्हणजे नसेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शाखेत असते. फक्त कपाळ आणि डोळ्यापुरती ती असणे फारच थोड्या रुग्णांत दिसते. आणि एकदा तिडीक येऊन गेली की नस जणू काही वेळ थकते. त्या काळात त्याच जागेला हात लावला तरी काही होत नाही. संक्टमध्ये हा विश्रांतीचा काळ सहसा नसतो. गृहस्थांना वस्तऱ्याच्या प्रत्येक स्पर्शाला सणक येत होती ती याचमुळे. न्युराल्जियातही तिडीक जोरात असेल तर डोळ्यात थोडे पाणी येते, पण लालबुंद डोळा आणि घळाघळा वाहणारे पाणी हे त्याचे रूप नाही. दोन आजारांच्या मधल्या सीमेवर खरोखर संदिग्ध रुग्णही असतात आणि काही तज्ज्ञ दोघांना एकाच पट्ट्याची दोन टोके मानतात. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे निव्वळ चुकीचे म्हणता येणार नाही. उपचाराच्या दृष्टीने पाहिले तर क्लस्टरपेक्षा ते सत्याच्या जास्त जवळ आहेत.

तिसरा प्रश्न असतो तो झटक्यातील वागण्याचा. क्लस्टरचा रुग्ण झटक्यात स्वस्थ बसूच शकत नाही. तो येरझारा घालतो, डोके धरून झुलतो, भिंतीवर आपटूनही घेतो. अर्धशिशीचा रुग्ण याउलट अंधारात निपचित पडतो. संक्टमध्ये मात्र या प्रश्नाने फारसे हाती लागत नाही. काही रुग्ण सणकेत जागच्या जागी आवळून बसतात, काही अस्वस्थ होतात, आणि तीस सेकंदांत येरझारा घालायला सवडही मिळत नाही. म्हणून अस्वस्थपणा दिसला एवढ्यावरून मी क्लस्टरचा निष्कर्ष काढत नाही. अनुभवी डॉक्टरही इथे चकतात.

क्लस्टर आणि संक्ट यांच्या मधोमध आणखी एक भावंड आहे, त्याचे नाव विसरून चालत नाही. पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया नावाच्या आजारात झटका २ ते ३० मिनिटांचा असतो आणि दिवसाला पाचाहून अधिक वेळा येतो. झटका चार-पाच मिनिटांचा असेल तर वेळेवरून तो संक्ट की हेमिक्रेनिया हे ठरवता येत नाही, कारण दोघांच्या मर्यादा तिथे एकमेकींवर चढतात. अशा वेळी औषधच तपासणीचे काम करते. हेमिक्रेनिया इंडोमेथासिन या जुन्या वेदनाशामकाने पूर्णपणे थांबते. थोडीफार कमी होत नाही, थांबतेच. संक्टवर ते चालत नाही. मोठ्यांमध्ये साधारण २५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू करून डोस टप्प्याटप्प्याने वाढवतात, दिवसाला निदान १५० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरज पडली तर २२५ पर्यंत नेतात, सोबत पोटाच्या संरक्षणाची गोळी देतात. अर्धवट डोस देऊन ‘उपयोग झाला नाही’ असे लिहिणे ही इथली नेहमीची चूक आहे. मूत्रपिंडाचा, पोटातील व्रणाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना हे औषध घरच्या घरी चालू करू नये. तुमच्या वडिलांच्या सणका खरोखरच अर्ध्या मिनिटाच्या असतील, तर या चाचणीची गरज कदाचित पडणारही नाही, पण त्यांचे डॉक्टर ती सुचवत असतील तर ते कारण नसताना सांगत आहेत असे समजू नका.

प्रश्नोत्तरांनी निदान इतपत पुढे आले तरी पहिल्या भेटीतच एमआरआय सांगितला जातो, आणि तो टाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. संक्टसारखे हुबेहूब दुखणे पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीमुळे किंवा मेंदूच्या मागच्या भागातील एखाद्या विकारामुळे होऊ शकते, आणि बाहेरून ते मूळच्या संक्टहून वेगळे ओळखता येत नाही. नेहमीचा एमआरआय सांगितला तर पिट्यूटरीतील लहान गाठ त्यात निसटू शकते. म्हणून कागदावर पिट्यूटरीच्या आणि ट्रायजेमिनल नसेच्या मुळापाशीच्या बारीक कापांची मागणी स्वतंत्रपणे लिहिलेली असावी. सोबत पिट्यूटरीच्या संप्रेरकांच्या रक्तचाचण्याही केल्या जातात. त्यांत प्रोलॅक्टिन वाढलेले आढळले तर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: ते कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबरगोलिनसारख्या औषधांनी काही रुग्णांत सणका वाढलेल्या आहेत. अशा वेळी संप्रेरकतज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून डोस ठरवावा. नसेच्या मुळाशी एखादी धमनी टेकलेली दिसली तर त्याने घाबरून जाऊ नये, कारण असा स्पर्श वेदना नसलेल्या लोकांतही आढळतो. त्याला महत्त्व कधी द्यायचे हे दुखणाऱ्या बाजूवरून, धमनीचा दाब नसेच्या आकारावर पडला आहे का यावरून आणि औषधांना येणाऱ्या प्रतिसादावरून ठरते.

वडिलांचे वय ५८ असल्याने आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या कोणत्याही डोकेदुखीत कानशिलाच्या धमनीची सूज आहे का, हे रक्ताच्या साध्या ईएसआर आणि सीआरपी चाचण्यांनी तपासतात, कारण ती उशिरा कळली तर दृष्टी जाऊ शकते. आणि एकदा डोळ्याचा दाब मोजून घ्यावा. काचबिंदूचा तीव्र झटका अर्ध्या मिनिटात थांबत नाही, तो तासन् तास चालतो, नजर धूसर होते, दिव्याभोवती वलये दिसतात, त्यामुळे वर्णनावरूनच तो बाजूला पडतो, पण आपल्याकडे लाल डोळा असलेला रुग्ण आधी नेत्रतज्ज्ञाकडेच जात असल्याने हा दाब बहुतेक वेळा आधीच मोजलेला असतो. मात्र दोन वस्तू दिसणे, नजर कमी होणे, चेहऱ्याचा भाग बधिर होणे, किंवा मानेच्या दुखण्यासह एका डोळ्याची पापणी अचानक झुकून ती तशीच राहणे यांपैकी काही दिसले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सणकेपुरती झुकणारी पापणी वेगळी आणि कायम झुकलेली पापणी वेगळी. दुसऱ्या प्रकारात मानेतील धमनीच्या भिंतीला चीर पडल्याची शंका घ्यावी लागते.

हा सगळा भेद केवळ नावापुरता नाही, उपचार त्यावरूनच पूर्णपणे बदलतात. क्लस्टरचा चालू झटका मोडण्यासाठी मिनिटाला १२ ते १५ लिटर शुद्ध ऑक्सिजन विशिष्ट मास्कने १५ मिनिटे देतात किंवा सुमाट्रिप्टानचे ६ मिलिग्रॅमचे इंजेक्शन त्वचेखाली देतात. झटके टाळण्यासाठी व्हेरापामिल दिले जाते आणि त्याचा डोस वाढवताना ईसीजी काढत राहावे लागते. संक्टमध्ये चालू झटका मोडण्याचा प्रयत्नच सोडून द्यावा लागतो. सुमाट्रिप्टानचा परिणाम व्हायला दहा मिनिटे लागतात आणि सणक एका मिनिटात जाते. त्यामुळे सगळा भर सणका येऊच नयेत यावर असतो, आणि त्यासाठी पहिल्या पसंतीचे औषध लॅमोट्रिजिन आहे. मुळात ते फिटवरचे औषध आहे. ते चालले नाही किंवा मानवले नाही, तर टोपिरामेट, गॅबापेंटिन, ऑक्सकार्बाझेपिन किंवा कार्बामाझेपिन यांपैकी काही वापरतात. व्हेरापामिलचा उपयोग इथे झालेला क्वचितच दिसतो. तरीही तुमच्या वडिलांनी ते स्वतःहून एकाएकी बंद करू नये, विशेषतः रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी त्याचा आधार असेल तर. डॉक्टरांना विचारून ते हळूहळू कमी करावे.

कापडवाल्या गृहस्थांच्या एमआरआयमध्ये पिट्यूटरी सुस्थितीत होती आणि उजव्या नसेच्या मुळाशी एक धमनी नुसती टेकलेली होती. लॅमोट्रिजिन सुरू केले, दिवसाला २५ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ५० मिलिग्रॅम दोन आठवडे, आणि पुढे दर एक-दोन आठवड्यांनी थोडे थोडे वाढवत दिवसाला २०० पर्यंत. मधल्या काळात सणका सोसवत नव्हत्या म्हणून डोक्याच्या मागच्या ग्रेटर ऑक्सिपिटल नसेजवळ भूल आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. त्याने काही दिवस उतार पडला आणि औषध अंगाशी रुळायला सवड मिळाली. पत्नीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दररोजची संख्या लिहायला सुरुवात केली होती. १०० मिलिग्रॅमनंतर आकडे खाली येऊ लागले आणि २०० वर सकाळची रांग थांबली, अधूनमधून एखादी सणक उरली. त्याहून जास्त वाढवण्याची गरज पडली नाही. औषध ज्यांना चालत नाही आणि सणका अगदी रांगेने येत राहतात, अशा रुग्णांना रुग्णालयात दाखल करून ईसीजीवर नजर ठेवत शिरेतून लिडोकेन देता येते. त्याचा आराम मोठा असतो, पण बहुतेक वेळा तात्पुरता ठरतो. नसेवर धमनीचा स्पष्ट दाब असेल आणि औषधे निष्फळ ठरली, तर शस्त्रक्रियेने ती धमनी बाजूला करण्याचा विचार केला जातो.

लॅमोट्रिजिन इतके सावकाश का वाढवायचे, हे रुग्णांना पटवणे सर्वांत अवघड जाते. महिना झाला तरी आराम पडला नाही म्हणून कोणी स्वतःच दुप्पट गोळ्या घेतो. डोस भरभर वाढवला तर अंगावर पुरळ येण्याचा धोका वाढतो, आणि क्वचित हे पुरळ त्वचा सोलणाऱ्या जीवघेण्या आजारात बदलते. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लॅमोट्रिजिन शरीरात जास्त काळ राहते, म्हणून ते याहून निम्म्या गतीने वाढवतात. काही दिवस गोळ्या चुकल्या तर पूर्वीच्याच डोसने पुन्हा सुरुवात करू नये, डॉक्टरांना विचारून खालच्या डोसपासून चढत जावे. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठले, तोंडात किंवा ओठांवर फोड आले, ताप आला किंवा डोळे चुरचुरू लागले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डोळ्याच्या बाबतीत वडिलांचा गोंधळ होऊ शकतो, कारण त्यांचा डोळा आधीपासूनच लाल होतो, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा: सणकेबरोबर येऊन जाणारी एका डोळ्याची लाली जुनी आहे, आणि दोन्ही डोळ्यांत येऊन टिकून राहणारी लाली औषधाची असू शकते.